‘समजेल’ पुसून काय लिहायचे? पाठाचे उद्दिष्ट तपासता येईल असे लिहिण्याच्या सहा पायऱ्या

नागपुरात बी.एड.च्या सराव पाठांचे निरीक्षण करताना टाचण वहीत एक वाक्य मला फार वेळा भेटते: ‘विद्यार्थ्यांना बाष्पीभवनाची संकल्पना समजेल.’ पाठ चांगला होतो. मुले हात वर करतात, फलकलेखन नीट असते, प्रयोग जमतो. तास संपल्यावर मी छात्राध्यापिकेला विचारतो, “किती जणांना समजलं?” उत्तर येते, “बहुतेक सगळ्यांना, सर.” मग मी विचारतो, “कशावरून?” आणि तिथे आमचे बोलणे अडते.

दुसऱ्या दिवशी वही दुरुस्त होऊन येते. आता तिथे असते: ‘विद्यार्थी बाष्पीभवनाची संकल्पना स्पष्ट करेल.’ क्रियापद बदलले, पण ‘कशावरून?’ या प्रश्नाचे उत्तर अजूनही वहीत नाही. तोंडी स्पष्ट करेल की लिहून? पाठ केलेली व्याख्या म्हटली तर चालेल का? एका हुशार मुलीने सांगितले म्हणजे वर्गाचे झाले का?

ही चूक आळसामुळे होत नाही, ती क्रमामुळे होते. आपण आधी क्रियापदांची यादी उघडतो, त्यातला एक शब्द उचलतो आणि जुन्या वाक्यात बसवतो. खरा क्रम उलटा आहे. आधी पुरावा ठरवायचा, मग त्या पुराव्याला शोभेल ते क्रियापद घ्यायचे. पुढच्या सर्व पायऱ्या मी याच एका बाष्पीभवनाच्या उद्दिष्टावर करून दाखवतो. वर्ग उच्च प्राथमिकचा, पट ४२, तास ३५ मिनिटांचा.

## सुरू करण्यापूर्वीची तयारी

तीन गोष्टी जवळ घ्या.

पहिली म्हणजे पाठ्यपुस्तकातला नेमका तेवढाच भाग, जो या एका तासात होणार आहे. अख्खा घटक नको. आमच्या उदाहरणात तो असा आहे: बाष्पीभवन कमी-जास्त वेगाने का होते, आणि बाष्पीभवन होताना गारवा का येतो.

दुसरी, त्या इयत्तेच्या अध्ययन निष्पत्ती. मात्र त्या फक्त दिशा पाहण्यासाठी घ्या. अध्ययन निष्पत्ती इयत्तेच्या अखेरीस अपेक्षित असते. ती जशीच्या तशी टाचणात उतरवली की वर्षभराचे काम ३५ मिनिटांच्या डोक्यावर बसते, आणि मग ते तपासणे कोणालाच शक्य होत नाही.

तिसरी गोष्ट बहुतेक जण घेत नाहीत: याच भागावर मुलांनी पूर्वी लिहिलेली चार-पाच खरी उत्तरे. जुन्या वह्या, चाचणीचे पेपर, काहीही चालेल. ती नसतील तर तो भाग आधी शिकवलेल्या सहकाऱ्याला विचारा, “मुलं इथे काय चुकतात?” चुकीचे उत्तर कसे दिसते हे माहीत नसेल, तर बरोबर उत्तराची सीमारेषा आखता येत नाही.

क्रियापदांची यादी मात्र सध्या बंदच ठेवा.

> थांबा: टाचणात एका तासासाठी सहा-सात उद्दिष्टे असतील, तर पुढे जाऊ नका. ३५ मिनिटांत दोन उद्दिष्टे नीट तपासून होतात, तीन झाली तर फार झाली. उरलेली पुढच्या तासाला न्या किंवा खोडा. ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य या प्रत्येक रकान्यात काहीतरी भरलेच पाहिजे म्हणून लिहिलेले उद्दिष्ट कोणी तपासत नाही, हे आपल्याला आतून ठाऊक असते.

## पायरी १: जुन्या वाक्याचा कर्ता शोधा

जुने वाक्य समोर ठेवा आणि विचारा, या वाक्यात काम कोण करतो?

‘बाष्पीभवनाचा प्रयोग करून दाखवणे’ यात काम शिक्षक करतो. प्रयोग दाखवून झाला की हे वाक्य पूर्ण होते, मुले खिडकीबाहेर बघत असली तरीही. ही अध्यापनाची कृती आहे. तिची जागा टाचणाच्या पुढच्या रकान्यात आहे.

‘विद्यार्थी गटात प्रयोग करतील व चर्चा करतील’ हे वाक्य जास्त फसवे आहे, कारण यात कर्ता विद्यार्थीच आहे आणि क्रियापदही डोळ्यांना दिसणारे आहे. पण ही शिकण्याची वाट झाली, शिकल्याची खूण नव्हे. मुलांनी चर्चा केली हे मी मोजू शकेन, पण चर्चेतून काय हाती लागले ते त्यावरून कळणार नाही.

‘विद्यार्थ्यांना बाष्पीभवनाची संकल्पना समजेल’ या वाक्यात विद्यार्थी आहे, पण तो काही करत नाही. समजणे त्याच्या आत घडते. ‘आकलन होईल’, ‘परिचय होईल’, ‘जाणीव होईल’, ‘माहिती मिळेल’ ही सगळी त्याच घरातली मंडळी. मराठीत ‘विद्यार्थ्यांना’ अशी सुरुवात झाली की शेवट बहुधा ‘समजेल’, ‘कळेल’, ‘होईल’ असाच होतो. म्हणून वाक्याची सुरुवातच बदला. ‘विद्यार्थी’ असे लिहा आणि पुढची जागा तूर्त रिकामी ठेवा:

‘विद्यार्थी ______’

> तपासा: रिकाम्या जागेच्या आधीचा शब्द ‘विद्यार्थी’ आहे ना? ‘विद्यार्थ्यांना’, ‘विद्यार्थ्यांमध्ये’ किंवा ‘विद्यार्थ्यांकडून’ असेल तर बदला.

## पायरी २: पुरावा आधी लिहा

ही पायरी सर्वांत जास्त वेळ घेते. तो वेळ द्या, कारण पुढचे सगळे हिच्यावर उभे आहे.

कोऱ्या कागदावर स्वतःला एक प्रश्न लिहा: तास संपताना एखाद्या मुलाने काय केले, लिहिले किंवा दाखवले, म्हणजे मी म्हणेन की याला हे आले? उत्तर मोघम नको. त्या मुलाच्या तोंडचे वाक्य लिहा.

पहिल्या फटक्यात बहुतेक जण लिहितात, ‘द्रवाचे वायूत रूपांतर होण्याच्या क्रियेला बाष्पीभवन म्हणतात, असे मुलगा सांगेल.’ आता स्वतःला विचारा, हे वाक्य पाठ करूनही म्हणता येते का? येते. मग समजण्याचा पुरावा म्हणून ते पुरत नाही. व्याख्या आठवणे हे तुमचे उद्दिष्ट असेल तर हरकत नाही, पण मग वाक्यात ‘समजेल’चा आव नको.

समज पाहायची असेल तर मुलासमोर वर्गात न घेतलेला प्रसंग ठेवावा लागतो. नागपूरच्या मुलासाठी तो शोधायला लांब जावे लागत नाही. घरातला कूलर आहेच. मे महिन्यात कूलरची हवा गार लागते आणि पावसाळ्यात तोच कूलर लावला की खोली गार व्हायच्या ऐवजी अंग चिकचिकते, हे इथल्या पोराला ठाऊक असते. काय घडते ते त्याला माहीत आहे, का घडते ते नाही. चांगला प्रश्न नेमका अशा जागी बसतो.

म्हणून आम्ही पहिला प्रश्न असा तयार केला: ‘मे महिन्यात कूलरने खोली गार होते, पण जुलैमध्ये तोच कूलर लावूनही तेवढी गार होत नाही. असे का?’ आणि त्याखाली मुले काय लिहितील याचा अंदाज केला. तीन प्रकारची उत्तरे मला नेहमी दिसतात:

उत्तर अ: ‘पावसाळ्यात आर्द्रता जास्त असल्याने कूलर काम करत नाही.’

उत्तर आ: ‘पावसात हवा ओलीच राहते, मंग कूलरच्या गवतातल्या पाण्याची भाप लवकर होत नाही, म्हणून हवा थंडी होत नाही.’

उत्तर इ: ‘जुलैमध्ये हवा आधीच थंड असते म्हणून कूलरची गरज नसते.’

घाईत तपासणारा शिक्षक ‘अ’ला पूर्ण गुण देतो, कारण त्यात ‘आर्द्रता’ हा पुस्तकी शब्द आहे. ‘आ’मधल्या ‘मंग’ आणि ‘भाप’खाली लाल रेघ ओढतो. पण नीट पाहा. ‘अ’मध्ये कारणाचा एकही दुवा नाही. आर्द्रता जास्त झाली तर कूलरचे काय बिघडते, हे त्याने सांगितलेलेच नाही. ‘आ’ मात्र पायरी-पायरीने गेला आहे: हवेत आधीच ओल, म्हणून वाफ सावकाश, म्हणून गारवा कमी. त्याला बाष्पीभवन उमगले आहे, शब्द घरचे आहेत एवढेच. पुरावा आधी लिहून ठेवला नाही, तर गुण शब्दाला जातात आणि समज वाऱ्यावर राहते.

‘इ’कडे आपण पायरी ४ मध्ये परत येऊ. त्या उत्तरातला दोष मुलाचा नाही.

पुराव्याचा कागद शेवटी असा झाला: मुलाच्या उत्तरात दोन दुवे हवेत. एक, हवेत बाष्प जास्त असले की बाष्पीभवन मंदावते. दोन, बाष्पीभवन होताना उष्णता घेतली जाते, म्हणून बाष्पीभवन कमी झाले तर गारवाही कमी. शब्द पुस्तकी असण्याची अट नाही.

> इशारा: जो प्रसंग तपासण्यासाठी ठेवला आहे, तो शिकवताना खर्च करू नका. कूलर प्रश्नात असेल तर तासात माठ, वाळत घातलेले कपडे, हातावर घेतलेले स्पिरिट यांवर शिकवा. उत्साहाच्या भरात कूलरचे उदाहरण फळ्यावर समजावून दिले, तर शेवटचा प्रश्न आठवणीचा होऊन जातो. शब्द तेच राहतात आणि पातळी खाली घसरते.

## पायरी ३: आता क्रियापद निवडा

यादी आता उघडा. आपल्याकडे ब्लूमच्या वर्गीकरणावर आधारित क्रियापदांचे तक्ते भरपूर फिरतात. त्यांचा उपयोग आहे, पण दोन गोष्टी लक्षात ठेवून.

पहिली कसोटी अशी: वर्गात मागच्या बाकावर दोन शिक्षक बसवले आणि त्यांनी त्याच मुलाकडे पाहिले, तर ‘याने हे केले’ किंवा ‘केले नाही’ यावर त्यांचे एकमत होईल का? होत असेल तर क्रियापद चालेल. या कसोटीला मराठीतली काही नेहमीची क्रियापदे कशी उतरतात ते पाहा.

- ओळखतो: हे काम मनातल्या मनातही होते. सोबत बाहेर दिसणारी कृती जोडा: ‘ओळखून गोल करतो’, ‘ओळखून वेगळ्या ढिगात ठेवतो’.
- सांगतो: फार सैल शब्द आहे. नाव सांगणे, क्रम सांगणे, फरक सांगणे आणि कारण सांगणे ही चार वेगळी कामे आहेत. काय सांगतो हे लिहिल्याशिवाय तो वापरू नका. शिवाय ४२ मुलांचे तोंडी उत्तर एका तासात ऐकून होत नाही.
- स्पष्ट करतो, विशद करतो: ऐकायला भारदस्त, तपासायला मोघम. त्याऐवजी ‘कारण लिहितो’, ‘स्वतःचे उदाहरण देऊन लिहितो’.
- वर्गीकरण करतो, क्रम लावतो, आकृतीला नावे देतो, तुलना करून दोन फरक लिहितो: ही उभी राहतात, कारण शेवटी हातात काहीतरी वस्तू येते.

दुसरी गोष्ट तक्त्यात लिहिलेली नसते, आणि माझ्या मते तीच जास्त मोलाची आहे. विचाराची पातळी एकटे क्रियापद ठरवत नाही. ‘कारण लिहितो’ हे आकलनाच्या रकान्यात दिसेल. पण पुस्तकात दिलेलेच कारण पुन्हा लिहायचे असेल तर ते स्मरण आहे, आणि नव्या प्रसंगाचे कारण स्वतः शोधून लिहायचे असेल तर ते उपयोजन आहे. क्रियापद एकच असते, फरक प्रसंग नवा की जुना यात असतो. म्हणून ‘विश्लेषण करतो’ असे लिहून पुढे व्याख्या विचारणाऱ्या टाचणापेक्षा, ‘लिहितो’ असे साधे क्रियापद आणि खरोखर नवा प्रसंग असलेले टाचण मला अधिक प्रामाणिक वाटते.

आमचे वाक्य आता येथे आले: ‘विद्यार्थी नव्या प्रसंगामागचे कारण लिहितो.’

> तपासा: एका उद्दिष्टात दोन क्रियापदे शिरली आहेत का? ‘घटक ओळखतो व त्यांचे परिणाम स्पष्ट करतो’ अशा वाक्यात मुलाने पहिले केले आणि दुसरे नाही, तर उद्दिष्ट साध्य झाले की नाही? उत्तर देता येत नसेल तर वाक्य तोडा.

## पायरी ४: अट लिहा, म्हणजे मुलाला काय दिले आणि काय दिले नाही

‘कारण लिहितो’, पण पुस्तक उघडे ठेवून की बंद करून? एकट्याने की शेजाऱ्याशी बोलून? प्रसंग शब्दांत की चित्रात? यातली प्रत्येक गोष्ट बदलली की काम सोपे-अवघड होते. म्हणून ती उद्दिष्टात असायला हवी. गटकार्यावर आधारलेल्या पाठात तर ‘एकट्याने’ हा शब्द आवर्जून लिहा. गटाने मिळून काढलेले उत्तर चार मुलांपैकी कोणाचे, हे नंतर सांगता येत नाही.

आता उत्तर ‘इ’: ‘जुलैमध्ये हवा आधीच थंड असते.’ हे उत्तर एखाद्या मुलाने दिले तर ती त्याची चूक समजावी. बरीच मुले तेच देत असतील तर दोष प्रश्नात आहे. आमच्या पहिल्या प्रश्नात मे आणि जुलै अशी तुलना होती. मेमध्ये नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, जुलैत तो बराच खाली असतो. म्हणजे दोन दिवसांत दोन गोष्टी एकदम बदलल्या, तापमानही आणि हवेतला ओलावाही. मुलाने तापमान पकडले तर त्याला खोटे कसे म्हणायचे? तपासायचा होता ओलाव्याचा परिणाम, आणि प्रश्नाने दुसरा दरवाजा उघडा ठेवला.

म्हणून अट घट्ट केली. प्रश्न असा झाला:

‘मार्चअखेरची दुपार. बाहेर ३४ अंश. कूलर लावला, खोली छान गार झाली. जुलैतली दुपार, पाऊस नुकताच थांबलेला. बाहेर तेवढेच, ३४ अंश. तोच कूलर, तेवढेच पाणी, खिडकी तशीच उघडी, तरी खोली तेवढी गार झाली नाही. असे का झाले असावे? दोन-तीन वाक्यांत लिहा.’

खिडकीचा उल्लेख सहज वाटेल, पण तोही मुद्दाम आहे. पावसाळ्यात खिडक्या लावून घेतात, आतली हवा बाहेर जात नाही आणि कूलर तसाही निकामी होतो. हे घरात पाहिलेला मुलगा ‘खिडकी बंद होती’ असे लिहील आणि तेही बरोबर असेल. मात्र ‘हवा दमट होती’ हे शब्द प्रश्नात घातले नाहीत. पाऊस नुकताच थांबला यावरून ते त्यानेच ओळखायचे आहे. अट लिहिताना हा तोल सांभाळावा लागतो. भलत्या वाटा बंद करायच्या, पण उत्तराची वाट दाखवून द्यायची नाही.

## पायरी ५: निकष लिहा, एकदा मुलासाठी, एकदा वर्गासाठी

इथे जवळजवळ सगळे ‘८०% अचूकतेने’ असे लिहून मोकळे होतात. एका प्रश्नाच्या लेखी कारणाला ८०% म्हणजे नेमके काय? टक्केवारी तिथेच लावा, जिथे मोजायला पुरेसे नग आहेत, उदाहरणार्थ दहा बेरजा किंवा वीस शब्दांचे श्रुतलेखन. कारण लिहायचे असेल तर उत्तरात काय सापडले पाहिजे ते शब्दांत लिहा. आमच्याकडे ते पायरी २ मध्येच तयार आहे: दोन दुवे.

वेळ वाचवायला ‘चूक की बरोबर’ प्रकारचे चार प्रश्न द्यावेत आणि चारपैकी तीन बरोबर हा निकष ठेवावा, असाही विचार येतो. त्यातली अडचण आकड्यात पाहा. काहीही न समजलेल्या मुलाने नुसते अंदाजाने खुणा केल्या, तरी उत्तरांच्या १६ शक्य जोड्यांपैकी ५ जोड्यांत त्याची तीन किंवा चार उत्तरे बरोबर येतात. म्हणजे अशा शंभर मुलांमागे साधारण ३१ मुले निकष पार करतील. त्यापेक्षा एकच प्रश्न आणि त्याचे कारण हे जास्त खरे सांगते.

वर्गाचा निकष ही निराळी गोष्ट आहे. तो उद्दिष्टाच्या वाक्यात कोंबू नका, त्याखाली एका ओळीत लिहा. त्या ओळीत आकड्याबरोबर पुढची कृतीही हवी. आमची ओळ अशी होती: ‘४२ पैकी १० पेक्षा जास्त मुलांच्या उत्तरात दुसरा दुवा नसेल, तर पुढच्या तासाची पहिली दहा मिनिटे त्यावर.’ दहाच का, याला शास्त्रीय नियम नाही, तो शिक्षकाचा निर्णय आहे. पण तो तासापूर्वी घेतलेला असावा. चिठ्ठ्या पाहिल्यावर आकडा ठरवायला बसलो की मन नेहमी सोयीचा आकडा निवडते.

आता पूर्ण उद्दिष्ट:

‘वर्गात न घेतलेला, दोन दिवसांची तुलना असलेला रोजच्या वापरातला प्रसंग दिल्यावर विद्यार्थी पुस्तक न पाहता, एकट्याने, त्यामागचे कारण दोन-तीन वाक्यांत लिहितो. कारणात हवेतील बाष्पामुळे बाष्पीभवन मंदावणे आणि बाष्पीभवनात उष्णता घेतली जाणे हे दोन्ही दुवे असतात.’

वाक्य लांबले हे खरे. टाचणाच्या रकान्यात मावत नसेल तर तिथे ‘विद्यार्थी नव्या प्रसंगात बाष्पीभवन मंदावण्याचे कारण लिहितो’ एवढेच लिहा, आणि अट व निकष मूल्यमापनाच्या रकान्यात न्या. कुठेतरी ते लिहिलेले असले म्हणजे झाले.

> इशारा: अभिरुची आणि अभिवृत्तीच्या उद्दिष्टांवर हा साचा जबरदस्तीने बसवू नका. ‘पाणी जपून वापरण्याची सवय लागेल’ हे ३५ मिनिटांत तपासता येत नाही. ते सत्राच्या नियोजनात ठेवा आणि महिनाभर नळाजवळ काय दिसते याची नोंद करा. कवितेच्या ‘आस्वाद घेतो’चेही तसेच. त्यातला एक तुकडा तपासता येतो: ‘आवडलेली ओळ निवडून, कवितेतल्याच एखाद्या शब्दाचा आधार देऊन, ती का आवडली ते दोन वाक्यांत लिहितो.’ उरलेला आस्वाद मोजायचा नसतो, तो घडू द्यायचा असतो.

## पायरी ६: दुसऱ्याच्या हातात देऊन पाहा

उद्दिष्ट आणि प्रश्न तयार झाला. आता दोन चाचण्या, दोन्ही छोट्या.

पहिली: फक्त उद्दिष्टाचे वाक्य सहकाऱ्याला द्या, प्रश्न दाखवू नका, आणि म्हणा, “यावर एक प्रश्न काढा.” त्यांचा प्रश्न तुमच्या प्रश्नाच्या जातीचा निघाला तर वाक्य बोलते आहे. त्यांनी ‘बाष्पीभवन म्हणजे काय?’ असे विचारले, तर वाक्यातली अट अजून धूसर आहे.

दुसरी: मुलांची पाच उत्तरे दोघांनी वेगवेगळी तपासायची, एकमेकांना न दाखवता. उत्तर ‘आ’वर माझा आणि एका सहकाऱ्याचा इथेच मतभेद झाला. ते म्हणाले, “दुसरा दुवा कुठे आहे? उष्णता घेतली जाते असं त्यानं लिहिलंच नाही.” माझे म्हणणे होते की ‘भाप होत नाही म्हणून हवा थंडी होत नाही’ यात तो दुवा आलाच. दोघांचेही म्हणणे निकषाच्या वाक्याला धरून होते, म्हणजे निकषच अपुरा होता. आम्ही तो बदलला: ‘बाष्पीभवनाचा आणि गारव्याचा संबंध जोडलेला असला तरी पुरे; उष्णता हा शब्द आवश्यक नाही.’ मतभेद झाला की क्रियापद बदलायची घाई होते. बहुतेक वेळा क्रियापद ठीक असते, निकषाचे वाक्य दुरुस्त करायचे असते.

तासात याला शेवटची पाच मिनिटे लागतात. पाव कागदाची चिठ्ठी, वर हजेरी क्रमांक, खाली उत्तर. ‘अक्षर चांगलं काढा’ असे सांगू नका, मुले मग वाक्ये फळ्यावरून उतरवायला लागतात. म्हणून त्याआधी फळा पुसा. चिठ्ठ्यांचे तीन ढीग करा: दोन्ही दुवे, एकच दुवा, एकही नाही. शिक्षकखोलीत दहा मिनिटांत होते. गुण देत बसायची गरज नाही.

आणि टाचणातला ‘शेरा’ हा रकाना, जिथे एरवी ‘पाठ समाधानकारक झाला’ असे लिहिले जाते, तिथे आता असे काहीतरी लिहिता येते: ‘दोन्ही दुवे २५, एकच दुवा १२, एकही नाही ५. बाराही जणांनी ओलाव्याचा दुवा बरोबर लिहिला, गारव्याचा सुटला. उद्या सुरुवातीला स्पिरिट आणि पाणी दोन हातांवर, कुठला हात आधी गार, का? मग पुन्हा चिठ्ठी, या वेळी कूलरऐवजी घाम आणि पंखा.’